एका ठोक्यामागे किती ऑक्सिजन?

मनगटावरचं घड्याळ दाखवतं ती कॅलरी आणि प्रयोगशाळेत मोजलेली कॅलरी यांच्यात किती अंतर पडतं, हा या पुस्तिकेचा विषय. प्रस्तावना लिहायला बसलो आणि पहिल्यांदा एक ताई आठवल्या. वय ४४, उंची १५६ सेंटिमीटर, वजन ६२ किलो. रोज संध्याकाळी अर्धा तास झपझप चालायच्या आणि घड्याळात आलेला आकडा वहीत लिहून ठेवायच्या. ती वही घेऊनच त्या आमच्या प्रयोगशाळेत आल्या होत्या. "सर, रोजच्या पावणेदोनशे कॅलरी जातात, वहीत सगळं आहे. पण सहा महिन्यांत वजन एक किलोही हललं नाही. मग या कॅलरी जातात तरी कुठे?"

प्रश्न अगदी सरळ होता आणि त्याचं उत्तर देणारी यंत्रणा आमच्याकडे होती. त्यांना घड्याळ हातात ठेवूनच ट्रेडमिलवर चालायला लावलं. वेग ताशी ५ किलोमीटर, चढ शून्य. त्या दिवशी जे आकडे आले, ते मी इथे सविस्तर मांडणार आहे. या पुस्तिकेतले सगळे तक्ते समजायला तेवढं एक उदाहरण पुरेसं आहे.

आधी प्रयोगशाळेची बाजू. शरीर अन्न जाळतं तेव्हा ऑक्सिजन वापरतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. जळणातून निघणारी उष्णता थेट मोजायची तर माणसाला बंद खोलीत ठेवून खोली किती तापते ते पाहावं लागतं. ॲटवॉटर आणि रोझा यांनी अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तशी खोली बांधली होती. पण उष्णता न मोजता श्वासातले वायू मोजले तरी त्याच उत्तरापर्यंत पोचता येतं, कारण एक लिटर ऑक्सिजन वापरला की साधारण ४.७ ते ५ किलोकॅलरी ऊर्जा निघते. चरबी जळत असेल तर आकडा खालच्या टोकाला असतो, पिष्टमय पदार्थ जळत असतील तर वरच्या. या वाटेला अप्रत्यक्ष उष्मांकमापन म्हणतात. 'अप्रत्यक्ष' या शब्दामुळे काही वाचकांना ते दुय्यम वाटतं. तसं नाही. मोजमाप नीट केलं तर त्यातली चूक दोन-चार टक्क्यांच्या पलीकडे जात नाही.

आजकाल हे काम श्वासागणिक वायू मोजणारं यंत्र करतं आणि पडद्यावर आकडे आपोआप येत राहतात. शिकवताना मात्र मी अजूनही डग्लस पिशवी वापरतो. १९११ साली सी. जी. डग्लस यांनी ती सुचवली. नाकाला चिमटा, तोंडात रबरी नळी आणि नळीवर एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा. आत येते ती खोलीतली हवा आणि बाहेर पडते ती थेट मोठ्या पिशवीत. पिशवी फुगताना दिसते आणि आपण नेमकं काय मोजतो आहोत हे विद्यार्थ्याच्या डोळ्यांना कळतं.

ताईंना पहिली पाच मिनिटं नुसतं चालू दिलं. चालायला लागल्याबरोबर शरीराची मागणी वाढते, पण ऑक्सिजनचा वापर तिथवर चढायला दोन-तीन मिनिटं घेतो. त्या चढत्या भागात मोजलं तर आकडा कमी येतो. वापर स्थिर झाल्यावर तीन मिनिटांची हवा गोळा केली. पिशवीत ६६ लिटर भरली.

हे ६६ लिटर तसेच वापरता येत नाहीत. हवा गरम झाली की फुगते, तिच्यात बाष्प असतं आणि बाहेरचा दाब कमी असला तर तीच हवा जास्त जागा व्यापते. म्हणून आकारमान शून्य अंश तापमान, समुद्रसपाटीचा दाब आणि कोरडी हवा या एकाच मापावर आणावं लागतं. पुण्यात हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे आणि इथला हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटरऐवजी ७१२ च्या आसपास असतो. यंत्र बसवताना कोणी ७६० तसाच राहू दिला तर खर्च झालेली ऊर्जा सुमारे ७ टक्के जास्त दिसते आणि ही चूक पडद्याकडे कितीही वेळ पाहत बसलं तरी लक्षात येत नाही. मी स्वतः एका प्रयोगशाळेत अशा चुकीचे दोन महिन्यांचे आकडे पाहिले आहेत. सगळेच आकडे सारख्याच प्रमाणात वाढलेले असल्यामुळे ते आपसात अगदी जुळत होते आणि म्हणूनच कोणाला शंका आली नाही. घड्याळाला चूक म्हणण्याआधी आपला स्वतःचा वजनकाटा तपासायचा असतो, हे त्या दोन महिन्यांनी मला शिकवलं.

दुरुस्ती केल्यावर ताईंच्या ६६ लिटरांचे ५४ लिटर उरले, म्हणजे मिनिटाला १८. पिशवीतल्या नमुन्यात ऑक्सिजन होता १६.८ टक्के आणि कार्बन डायऑक्साइड ३.५ टक्के. खोलीतल्या हवेत ऑक्सिजन २०.९३ टक्के असतो. बाहेर सोडलेली हवा आपण मोजली, आत घेतलेली मोजली नाही. तिचा हिशोब नायट्रोजनवरून लावतात: शरीर नायट्रोजन वापरत नाही, म्हणून जेवढा आत गेला तेवढाच बाहेर आला असं धरलं की आत घेतलेली हवा १८.१५ लिटर निघते. पाव लिटरही फरक नाही, पण तो सोडला तर ऑक्सिजनच्या आकड्यात चार टक्के चूक होते. सगळं करून मिनिटाला ०.७७५ लिटर ऑक्सिजन वापरला गेला आणि ०.६२३ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला.

आता १९४९ साली वेअर यांनी मांडलेलं सूत्र. ऑक्सिजनच्या लिटरांना ३.९४१ ने गुणायचं, कार्बन डायऑक्साइडच्या लिटरांना १.१०६ ने आणि दोन्ही मिळवायचे. उत्तर आलं मिनिटाला ३.७४ किलोकॅलरी. अर्ध्या तासाला ११२.

हा आकडा विश्वास ठेवण्याजोगा आहे की नाही, हे कसं ओळखायचं? बाहेर पडलेल्या कार्बन डायऑक्साइडला वापरलेल्या ऑक्सिजनने भागायचं. ताईंचं गुणोत्तर ०.८० आलं. आरामात चालणाऱ्या माणसाचं ते ०.७ ते १ च्या दरम्यान असायला हवं. १ च्या वर गेलं तर माणूस तोंडातल्या नळीला घाबरून उगाच भराभर श्वास घेतो आहे असं समजावं, कारण त्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकला जातो आणि त्याचा जळणाशी संबंध नसतो. ०.७ च्या खाली गेलं तर वायू मोजणारं यंत्र बिघडलं आहे किंवा नीट जुळवलेलं नाही. नळीऐवजी मास्क लावला असेल आणि तो गळत असेल तर मात्र गुणोत्तर फारसं हलत नाही, दोन्ही वायू मिळूनच कमी होतात. म्हणून मास्कच्या कडेला, नाकाच्या दांडीपाशी, बोट फिरवून पाहण्याला पर्याय नाही. घड्याळांच्या परीक्षणाचा एखादा शोधनिबंध हाती आला की मी निष्कर्षाआधी हे गुणोत्तर शोधतो. ते दिलंच नसेल तर पुढचं वाचताना सावध राहतो.

त्याच अर्ध्या तासासाठी ताईंच्या घड्याळाने १७२ दाखवले. ११२ आणि १७२. म्हणजे दीडपटीहून जास्त.

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे घड्याळ खोटं?" मी त्यांना छातीला लावलेल्या पट्ट्याचा आकडा दाखवला: मिनिटाला ११२ ठोके. घड्याळातही ११२च होते. नाडी मोजण्यात घड्याळ तंतोतंत बरोबर होतं.

या पुस्तिकेतली सगळी प्रकरणं याच गोष्टीभोवती फिरतात, म्हणून इथे थोडा वेळ थांबायला हवं. घड्याळाच्या मागच्या बाजूला जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो त्वचेखालच्या रक्तावरून परत येणारा प्रकाश मोजतो. प्रत्येक ठोक्याला रक्त वाढतं आणि प्रकाश कमी परततो. त्यावरून नाडी कळते. आत आणखी एक बारीकसा संवेदक हाताची हालचाल टिपतो. एवढंच. ऑक्सिजनचा वापर मोजणारं काहीही घड्याळात नाही, आणि कॅलरी तर नाहीच नाही. वय, वजन, उंची, लिंग आपण भरून दिलेलं असतं, नाडी आणि हालचाल घड्याळाने मोजलेली असते, आणि यांना जोडणारं एक सूत्र कंपनीने आत बसवलेलं असतं. कॅलरीचा आकडा त्या सूत्रातून येतो.

कंपन्या आपली सूत्रं उघड करत नाहीत. पण नाडीवरून ऊर्जा काढण्याची प्रसिद्ध झालेली सूत्रं आहेत. त्यातलं केटेल आणि सहकाऱ्यांचं २००५ सालचं सूत्र मी वापरतो. त्यात ताईंची नाडी, वजन आणि वय घातलं तर मिनिटाला ६ किलोकॅलरी येतात, अर्ध्या तासाला १८०. घड्याळाच्या १७२ च्या अगदी शेजारी. घड्याळात हेच सूत्र आहे असं मी म्हणत नाही, पण दोघांची चूक एकाच दिशेची आणि जवळजवळ एकाच मापाची आहे. त्यामुळे उघड सूत्राची चूक कुठे झाली हे पाहिलं की घड्याळाच्या चुकीचीही जात कळते.

ऑक्सिजन शरीरात पोचवण्याचं काम रक्त करतं. मिनिटाला किती ऑक्सिजन वापरला जाईल ते तीन गोष्टींवर ठरतं: हृदय मिनिटाला किती ठोके देतं, एका ठोक्यात किती रक्त पुढे ढकलतं, आणि त्या रक्तातून स्नायू किती ऑक्सिजन काढून घेतात. एकोणिसाव्या शतकातल्या ॲडॉल्फ फिक यांचा हा नियम. तिघांचा गुणाकार म्हणजे उत्तर. घड्याळाला यातली पहिली गोष्ट माहीत आहे. उरलेल्या दोन त्याने गृहीत धरलेल्या असतात.

उरलेल्या दोन्ही गोष्टी मिळून एक सोपा आकडा बनतो: एका ठोक्यामागे किती ऑक्सिजन. ताई मिनिटाला ७७५ मिलिलिटर ऑक्सिजन वापरत होत्या आणि ठोके होते ११२. म्हणजे एका ठोक्यामागे सुमारे ७ मिलिलिटर. सूत्राचं ६ किलोकॅलरीचं उत्तर बरोबर यायचं असेल तर त्याच ठोक्यामागे ११ मिलिलिटर लागले असते. सगळी तफावत या ७ आणि ११ मध्ये आहे. असं सूत्र नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या मोजमापांवरून बांधलेलं असतं. त्यांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलतं. ताईंचं हृदय लहान ठोके देत होतं, म्हणून तेवढ्याच कामासाठी त्याला जास्त वेळा धडकावं लागत होतं. सूत्राने ते जास्तीचे ठोके पाहिले आणि काम जास्त झालं असं मानलं.

याचा उलटा प्रकारही होतो. लांब पल्ल्याचा धावपटू ताशी ५ किलोमीटर चालला तर त्याची नाडी ८५ वरही राहू शकते. घड्याळ त्याच्या खात्यात कमी कॅलरी मांडतं. दोन माणसांमध्ये चुका विरुद्ध दिशांना झाल्या की सरासरीत त्या एकमेकींना खाऊन टाकतात. म्हणून "या घड्याळाची सरासरी चूक फक्त ३ टक्के" असं वाक्य वाचलं की पुढचा प्रश्न विचारायचा: एकेका माणसाची चूक किती? दहा जणांत पाच जणांना ४० टक्के जास्त आणि पाच जणांना ४० टक्के कमी दाखवणाऱ्या घड्याळाची सरासरी चूक शून्य भरते आणि त्या दहांपैकी एकाच्याही ते कामाचं नसतं. ब्लँड आणि आल्टमन या दोघांनी १९८६ साली दोन मापनपद्धतींची तुलना कशी करावी हे दाखवून दिलं. त्यांच्या आलेखात सरासरी फरकाच्या वर-खाली दोन रेषा असतात आणि बहुतेक माणसांचे फरक त्या दोन रेषांच्या मध्ये पडतात. घड्याळांच्या बाबतीत त्या रेषा किती लांब-लांब आहेत तेवढं पाहावं, मधली रेष शून्याजवळ असल्याचं फार कौतुक करू नये.

ही तफावत फक्त आमच्या ट्रेडमिलवर दिसली असं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या गटाने २०१७ साली सात घड्याळं साठ माणसांच्या मनगटांवर बांधली, त्यांना बसवलं, चालवलं, पळवलं, सायकल चालवायला लावली, आणि तोंडावरच्या मास्कमधून वायू मोजले. नाडीच्या बाबतीत सातपैकी सहा घड्याळांची चूक ५ टक्क्यांच्या आत होती. ऊर्जेच्या बाबतीत सर्वांत चांगल्या घड्याळाची चूक २७ टक्के निघाली आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. एकही घड्याळ २० टक्क्यांच्या आत आलं नाही. तीच मनगटं, तीच माणसं, तेच दिवे. नाडी बरोबर आणि कॅलरी चूक. त्या अभ्यासातली घड्याळं आता जुनी झाली हे खरं. पण हिरवा दिवा कितीही सुधारला तरी एका ठोक्यामागचा ऑक्सिजन तो पाहू शकत नाही, म्हणून मला त्या निकालाचं महत्त्व आजही तेवढंच वाटतं.

नाडी वाढते त्यामागे काम हे एकच कारण नसतं. मे महिन्यात दुपारी चार वाजता चाललात तर शरीर गार ठेवण्यासाठी रक्त त्वचेकडे वळतं आणि तेवढ्याच चालीला नाडी दहा ठोक्यांनी वर जाते. स्नायूंचं काम तेच असतं, ऑक्सिजनचा वापर जवळपास तेवढाच. पण ताईंच्या वयावजनाच्या बाईसाठी वरच्या सूत्रात प्रत्येक जास्तीचा ठोका अर्ध्या तासाला तीन किलोकॅलरींहून थोडं अधिक मोजला जातो. दहा ठोके म्हणजे ३२ किलोकॅलरी, निव्वळ उन्हाच्या नावावर. कमी पाणी प्यायलं, झोप झाली नाही, मुलाच्या निकालाची धास्ती आहे, कडक चहा झाला आहे, या सगळ्यांची नोंद नाडीत होते आणि तिथून कॅलरीत.

स्वस्थ बसलेल्या माणसाच्या बाबतीत तर नाडीचं सूत्र पारच कोलमडतं. बसल्याजागी ताई मिनिटाला साधारण ०.८४ किलोकॅलरी खर्च करतात, म्हणजे एका ठोक्यामागे सव्वादोन-अडीच मिलिलिटर ऑक्सिजन. त्यांची बसलेली नाडी ७६. तीच सूत्रात घातली तर उत्तर २.१५ येतं, अडीचपट. म्हणून शहाणी घड्याळं हालचाल थांबली की नाडीचं सूत्र बाजूला ठेवतात आणि वय, वजन, उंचीवरून काढलेला विश्रांतीचा खर्च मांडतात. तुमचं घड्याळ दिवसाची एकूण कॅलरी दाखवत असेल तर एकदा सकाळी सहाला उठल्याबरोबर पाहा. मध्यरात्रीपासून झोपेतच तिथे ३०० च्या आसपास आकडा चढलेला असतो. त्यात मोजलेलं फार थोडं असतं, बहुतेक सगळं गृहीत धरलेलं. हे गृहीतकही आपल्याकडे जरा जड पडतं: जगभर वापरल्या जाणाऱ्या विश्रांतीच्या सूत्रांमधून उष्ण प्रदेशातल्या लोकांचा खर्च प्रत्यक्षापेक्षा जास्त येतो, हे हेन्री आणि रीस यांनी १९९१ सालीच दाखवलं होतं.

इथून आणखी एक घोटाळा निघतो. प्रयोगशाळेतले ११२ हे एकूण खर्चाचे आहेत. ताई त्या अर्ध्या तासात घरी खुर्चीत बसल्या असत्या तरी २५ खर्च झाल्याच असत्या. चालण्यामुळे वाढलेला खर्च ८७. काही घड्याळं एकूण आकडा दाखवतात, काही वाढलेला, काही दोन्ही, आणि दोन वेगळ्या पडद्यांवर. परीक्षण करणाऱ्याने एकाचा एकूण आणि दुसऱ्याचा वाढीव आकडा शेजारी ठेवला तर घड्याळ उगाच बदनाम होतं किंवा उगाच चांगलं ठरतं. ताई मात्र १७२ पाहून, "तेवढं तर खाल्लं तरी चालतं," म्हणून संध्याकाळी एक पोळी जास्त घेत होत्या आणि वर थोडा शिरा. खरी सूट ८७ ची होती. वहीतल्या कॅलरी कुठे जातात, याचं उत्तर त्यांच्याच ताटात होतं आणि ते सांगताना मला वाईट वाटलं, कारण त्यांनी कसूर कुठेच केली नव्हती. आकडा खरा मानून त्या प्रामाणिकपणे वागत होत्या.

मनगट ही जागाच अशी आहे की काही कामं तिला दिसत नाहीत आणि काही नको तेवढी दिसतात. सायकलवर हात हँडलला टेकलेले असतात, पाय जिवाच्या आकांताने फिरत असतात आणि हालचाल टिपणाऱ्या संवेदकाला माणूस बसलेला वाटतो. ट्रेडमिलचा दांडा घट्ट धरून चालणाऱ्याचंही तेच. उलट भाकऱ्या थापताना किंवा भजनात टाळ वाजवताना मनगट सतत हलतं, पण मोठे स्नायू जवळपास स्वस्थ असतात. एकदा एका विद्यार्थिनीने दोन्ही हातांत एकाच जातीची दोन घड्याळं बांधून दहा भाकऱ्या केल्या. थापणाऱ्या हाताच्या घड्याळाने दुसऱ्याच्या दुप्पट पावलं मोजली. ती ओट्यापासून एक पाऊलही हलली नव्हती. घड्याळ सैल असलं की आणखी एक फसगत होते: पळताना पट्टा पावलांच्या तालावर हलतो, परत येणारा प्रकाशही त्याच तालात कमीजास्त होतो आणि घड्याळ पावलांनाच ठोके समजतं. नाडी बराच वेळ १६० ते १७० वर खिळलेली आणि पावलांचा वेगही मिनिटाला तेवढाच दिसला तर समजावं की हृदय मोजलं गेलं नाही, पाय मोजले गेले.

पुढच्या प्रकरणांमध्ये दिवसभराच्या खर्चाची तुलनाही आहे, आणि तिथे मास्क चालत नाही. चोवीस तास कोणी तोंडाला नळी लावून राहत नाही. त्यासाठी एक तर हवाबंद खोली लागते, नाहीतर जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पाजून दोन आठवडे लघवीचे नमुने तपासावे लागतात. जपानमध्ये २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकोणीस माणसांवर बारा उपकरणं दोन्ही पद्धतींशी ताडून पाहिली गेली. खुल्या जगण्यात ही उपकरणं खर्च कमी दाखवतात, असं तिथे निघालं. ट्रेडमिलवर जास्त आणि घरी कमी, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण घरी माणूस आंघोळीला जाताना घड्याळ काढतो, चार्जिंगला लावतो, ओझं उचलून जिने चढतो, आणि ओझं तर मनगटाला कळतच नाही.

ताई पुन्हा आल्या त्या बारा आठवड्यांनी. मधल्या काळात घड्याळाचा आकडा ताटात उतरवणं त्यांनी थांबवलं होतं आणि आठवड्यातून तीनदा चढाची चाल धरली होती. ट्रेडमिलचा वेग तोच, चढ शून्य, वजन मुद्दाम तपासलं तर अजून जवळपास तेवढंच. पिशवी भरली, नमुना काढला, दाबाचा आकडा या वेळी त्यांनी स्वतः वाचून लिहिला. ऑक्सिजन मिनिटाला ०.७७ लिटर, अर्ध्या तासाला १११ किलोकॅलरी. पहिल्या भेटीत ११२ होते, म्हणजे काही बदल नाही. नाडी मात्र ११२ वरून १०२ वर आली होती.

घड्याळाने दाखवले १४६. "सर, हे तर कमी झालं," त्या म्हणाल्या. "एवढी मेहनत केली आणि कॅलरी पंचवीसने घटल्या?"

मी कागद पुढे केला आणि भागाकार त्यांनाच करायला सांगितला. ७७० भागिले १०२. त्यांनी पेन टेकवून मनातल्या मनात आकडे मोजले आणि लिहिलं, साडेसात. वरच्या ओळीत पहिल्या भेटीचा आकडा होता, सात. मग वहीचं पहिलं पान उघडून त्यांनी कॅलरीच्या रकान्यावर आडवी रेघ मारली आणि शेजारी नाडीचा नवा रकाना आखला.